फोनला टीव्ही का सापडत नाही? एका घरातली दोन नेटवर्कं आणि पाहुण्यांचं वायफाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत मी घरोघरी नेट आणि टीव्हीची जोडणी करून देतो. सध्या सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात: "दोन्हीकडे वायफाय चालू आहे, दोन्हीकडे नेट चालतंय, तरी कास्ट करायला गेलं की टीव्ही दिसत नाही." बहुतेक वेळा टीव्हीही चांगला असतो आणि फोनही. दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर बसलेले असतात आणि घरातल्या कुणाला त्याचा पत्ता नसतो. लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

## दोन्हीकडे नेट व्यवस्थित चालतंय, मग कास्ट का होत नाही?

नेट चालणं आणि फोनला टीव्ही सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेट चालायला फोनला फक्त बाहेरच्या जगापर्यंत पोचावं लागतं. टीव्हीचंही तसंच. दोघं आपापल्या वाटेने बाहेर जातात आणि आपापला मजकूर घेऊन येतात. त्यात त्यांना एकमेकांशी बोलायची गरजच पडत नाही.

कास्ट करताना मात्र फोनला आधी घरातल्या घरात टीव्ही शोधावा लागतो. तुम्ही कास्टचं चिन्ह दाबता, म्हणजे तो चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यातल्या कमानी, तेव्हा फोन टीव्हीला सांगतो, "हा व्हिडिओ तू स्वतः नेटवरून घे आणि लाव." त्यानंतर व्हिडिओ फोनमधून जात नाही. टीव्ही तो थेट नेटवरून ओढतो आणि फोनचं काम रिमोटपुरतं उरतं. म्हणून अडचण वेगाची नसते. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन तीनशेचं केलं तरी टीव्ही यादीत येणार नाही. या तक्रारीपायी प्लॅन वाढवून घेतलेले लोक मला भेटले आहेत, आणि तो पैसा वाया गेलेला बघून वाईट वाटतं.

## फोन टीव्हीला शोधतो तरी कसा?

हाक मारून. वाड्याच्या चौकात उभं राहून "कोण आहे का घरात?" असं ओरडावं, तसं. कुणाचं नाव घेतलेलं नसतं, पण चौकातल्या सगळ्यांना ऐकू जातं आणि ज्याला उत्तर द्यायचं तो देतो.

फोन हीच हाक `224.0.0.251` या खास पत्त्यावर आणि `5353` या पोर्टवर मारतो. हा पत्ता कुठल्या एका यंत्राचा नाही. त्या नेटवर्कवर जे जे कोणी ऐकत बसलं आहे, त्या सगळ्यांचा तो सामायिक पत्ता आहे. गूगल कास्टसाठी फोन असं विचारतो:

```
_googlecast._tcp.local
```

अर्थ असा, की इथे कास्ट घेणारं कुणी आहे का? टीव्ही उत्तर देतो: मी आहे, माझं नाव अमुक, माझा पत्ता अमुक, माझ्याशी `8009` या पोर्टवर बोल. ते उत्तर आलं की फोनच्या यादीत "हॉलमधला टीव्ही" उमटतो. उत्तर आलं नाही तर फोनच्या लेखी टीव्ही घरात नाहीच.

या पद्धतीला मल्टिकास्ट डीएनएस म्हणतात. तिचे नियम फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या दस्तऐवजात छापून आले आणि त्याच वर्षी जुलैत गूगलचं पहिलं क्रोमकास्ट बाजारात आलं. ॲपलचं एअरप्लेही याच तऱ्हेने हाक मारतं, फक्त विचारायचं नाव वेगळं असतं. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे ते आयफोनवाल्यांनाही लागू आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. `224.0.0` ने सुरू होणारे पत्ते मुळातच एका नेटवर्कच्या आतल्या कामासाठी राखून ठेवलेले आहेत. राउटर अशी हाक पलीकडच्या नेटवर्कमध्ये पाठवत नाही. तो बिघडलेला असतो म्हणून नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ इथे आहे: दोन यंत्रांच्या मध्ये राउटरचा उंबरा आला की हाक तिथेच थांबते.

## पण दोन्हीकडे वायफायचं नाव एकच आहे. मग नेटवर्क वेगळं कसं?

याच प्रश्नावर लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून एका घराची हकीकत नीट सांगतो.

गोडोलीतलं दुमजली घर. खाली काका-काकू, वर मुलगा आणि सूनबाई. फायबरचा डबा खालच्या हॉलमध्ये. वर सिग्नल पोचेना, म्हणून आधीच्या कनेक्शनचा जुना राउटर वरच्या खोलीत बसवलेला आणि खालून केबल नेऊन त्यात खोचलेली. बसवणाऱ्याने सोयीसाठी दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, म्हणजे जिना चढल्यावर फोन पुन्हा पासवर्ड मागणार नाही. नवा टीव्ही वरच्या खोलीत.

तक्रार अशी की सूनबाईंच्या फोनवरून कास्ट होतं, काकूंच्या फोनवरून कधी होतं, कधी होत नाही. काकू वर येऊन टीव्हीसमोर दोन हातांवर बसल्या तरी यादी रिकामी. मग वैतागून फोनचं वायफाय बंद करून चालू केलं की टीव्ही दिसायचा. साहजिकच सगळ्यांचं मत झालं की काकूंचा फोन खराब आहे, आणि नवा घ्यायचं चाललं होतं.

मी आधी तिन्ही यंत्रांचे आयपी पत्ते बघितले:

```
काकूंचा फोन      192.168.1.34
सूनबाईंचा फोन    192.168.0.105
टीव्ही            192.168.0.102
```

खालचा डबा `192.168.1` चे पत्ते वाटत होता, वरचा राउटर `192.168.0` चे. टीव्ही आणि सूनबाईंचा फोन वरच्याच्या पदरात होते, काकूंचा फोन खालच्याच्या. फोन एकदा जोडलेलं वायफाय सहजासहजी सोडत नाही. काकू जिना चढून वर आल्या तरी खालचा सिग्नल अगदी तुटेपर्यंत फोन त्यालाच धरून राहायचा. वायफाय बंद-चालू केलं की तो नव्याने शोधायचा, तेव्हा जवळचा वरचा राउटर सापडायचा आणि टीव्ही दिसायला लागायचा. फोनच्या पडद्यावर मात्र दोन्ही वेळा नाव तेच, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

वायफायचं नाव म्हणजे दारावरची पाटी. दोन घरांवर एकाच आडनावाची पाटी लावता येते, म्हणून चौक एक होत नाही.

## हे पत्ते मी माझ्या घरी कसे बघू?

फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जा आणि जोडलेल्या नावापुढचं दातेरी चाक किंवा बाण दाबा. खाली सरकलं की `IP address` दिसतो. टीव्हीत `Settings` मध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन चालू कनेक्शन उघडलं की तिथेही तो लिहिलेला असतो.

पत्त्यात टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे असतात. घरगुती जोडणीत बहुतेक ठिकाणी `Subnet mask` हा `255.255.255.0` असतो, म्हणून पहिले तीन आकडे जुळतात का एवढंच बघायचं. `192.168.1.34` आणि `192.168.1.71` एका नेटवर्कवर. `192.168.1.34` आणि `192.168.0.102` वेगळ्या. फोनचा पत्ता भलताच दिसत असेल तर तो वायफायवर आहे की मोबाइल डेटावर, तेही बघून घ्या.

तीन आकडे जुळले नाहीत तर कारण सापडलं. जुळले आणि तरीही टीव्ही दिसत नसेल, तर पाहुण्यांच्या नेटवर्कवरचा प्रश्न पुढे वाचा.

## एकाच घरात दोन नेटवर्कं झाली कशी? राउटर तर वाढवण्यासाठी लावला होता.

केबल कुठे खोचली यावर ते ठरतं. राउटरच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर `WAN` किंवा `Internet` लिहिलेलं असतं. बाकीच्यांवर `LAN`. खालून आलेली केबल `WAN` मध्ये घातली की वरचा राउटर समजतो, "माझ्यापुढे बाहेरचं जग आहे, मागे माझं घर." तो स्वतःचे पत्ते वाटायला लागतो आणि दोन्हींच्या मध्ये उंबरा तयार होतो. खालचा फायबरचा डबा स्वतःही राउटरच असतो, हे अनेकांना माहीत नसतं. त्यामुळे नव्या मेश संचाच्या बाबतीतही हेच होतं: मेशचे दोन-तीन डबे आपसांत एक नेटवर्क असतात, पण फायबरच्या डब्याचं वायफायही चालू राहिलं आणि टीव्ही त्यालाच जोडलेला राहिला, की पुन्हा दोन चौक.

या रचनेत एक विचित्र एकतर्फीपणा असतो, तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. वरच्या नेटवर्कमधून खालच्या यंत्राला पत्त्याने गाठता येतं, कारण वरच्या राउटरला खालचं नेटवर्क "बाहेर" म्हणून दिसतं आणि बाहेर जायला त्याची ना नसते. खालून वर मात्र जाता येत नाही. गोडोलीच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून खालच्या डब्याला पिंग केलं, म्हणजे त्याच्या पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघितलं:

```
ping 192.168.1.1
```

लगेच `Reply from 192.168.1.1` आलं. मग लॅपटॉप खाली नेऊन, खालच्या वायफायला जोडून टीव्हीला पिंग केलं:

```
ping 192.168.0.102
```

चारही वेळा `Request timed out.` उलट बाजूला, म्हणजे फोन वर आणि टीव्ही खाली असता तरी यादी रिकामीच राहिली असती, कारण पत्त्यावरचा निरोप उंबरा ओलांडतो, हाक ओलांडत नाही. आणि हाकेशिवाय फोनला पत्ता कळतच नाही.

## मग ते दुरुस्त कसं करायचं?

वरच्या राउटरला राउटर राहू द्यायचं नाही. त्याने फक्त वायफाय फेकावं, पत्ते खालच्या डब्यानेच वाटावेत.

अलीकडच्या राउटरमध्ये हे सोपं आहे. त्याच्या सेटिंगमध्ये `Operation Mode` असतं, तिथे `Router` ऐवजी `Access Point` निवडायचं. तो बंद होऊन चालू होतो आणि काम झालं. केबल `WAN` मध्येच राहिली तरी बहुतेकांना चालतं.

गोडोलीतला राउटर जुना होता, त्यात ही सोय नव्हती. तिथे हाताने केलं. त्यात क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर मधेच राउटर हाती लागेनासा होतो.

आधी लॅपटॉप केबलने वरच्या राउटरच्या `LAN` भोकात जोडला आणि खालून येणारी केबल काढून ठेवली. मग राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून `192.168.1.2` केला, म्हणजे तो खालच्या डब्याच्या ओळीत आला पण त्याच्या `192.168.1.1` शी धडकला नाही. खालचा डबा `192.168.1.2` हाच पत्ता दुसऱ्या कुणा फोनला देऊन बसू नये, म्हणून त्याच्या पत्तेवाटपाची सुरुवात `192.168.1.100` पासून करून ठेवली होती. पत्ता बदलल्यावर राउटर पुन्हा चालू झाला, तेव्हा नव्या पत्त्यावर जाऊन `DHCP Server`, म्हणजे त्याचं पत्तेवाटप, बंद केलं. शेवटी खालून येणारी केबल `WAN` मध्ये न घालता `LAN` च्या भोकात घातली. `WAN` चं भोक रिकामं राहिलं, आणि ते रिकामंच राहायला हवं.

टीव्ही आणि फोन एकेकदा बंद करून चालू केले. टीव्हीला `192.168.1.103` मिळाला, काकूंच्या फोनला `192.168.1.101`. यादीत टीव्ही लगेच आला. आता वायफायचं नाव दोन्हीकडे एकच आहे ते खरोखर सोयीचं झालं, कारण पाटी एक आणि चौकही एक.

यात एक गमवावं लागतं. वरच्या राउटरवर मुलांसाठी वेळेचं बंधन किंवा वेगळं पाहुण्यांचं वायफाय लावलेलं असेल तर ते चालेनासं होतं. पाहुण्यांचं वायफाय तर जुन्या राउटरवर दिसायला चालू राहतं, पण त्यावरचे फोन थेट घरच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतात. ते बंदच करून टाका.

## फोन पाहुण्यांच्या वायफायवर आहे. पत्ते तर जुळतायत, तरी टीव्ही दिसत नाही.

पाहुण्यांचं वायफाय, म्हणजे गेस्ट नेटवर्क, दोन तऱ्हांनी वेगळं ठेवलेलं असतं. काही राउटर पाहुण्यांना वेगळेच पत्ते देतात, तेव्हा तीन आकडे जुळत नाहीत आणि लगेच कळतं. काही राउटर पत्ते त्याच ओळीतले देतात, पण मध्ये अदृश्य भिंत घालतात: पाहुण्याचा फोन फक्त बाहेर जाऊ शकतो, घरातल्या कुठल्याही यंत्राशी बोलू शकत नाही. अनेक ठिकाणी दोन पाहुण्यांचे फोनही एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे टीव्ही आणि फोन दोघंही पाहुण्यांच्याच वायफायवर ठेवले, तरी यादी रिकामी.

हे ओळखायला पिंग कामी येतो. एकाच ओळीतला पत्ता असून `Destination host unreachable` किंवा सलग `Request timed out.` येत असेल आणि तोच टीव्ही मुख्य वायफायवरच्या लॅपटॉपला उत्तर देत असेल, तर भिंत आहे असं समजा.

राउटरमध्ये ही सोय वेगवेगळ्या नावांनी असते. काहींत `AP Isolation` असं लिहिलेलं असतं. काहींत गेस्टच्या पानावर दोन चौकटी असतात: `Allow guests to see each other` आणि `Allow guests to access my local network`. पहिलीने पाहुणे आपसांत दिसतात, दुसरीने त्यांना तुमचं सगळं घर उघडं होतं. कास्टसाठी दुसऱ्या चौकटीत टिक करा असं मी कुणालाच सांगत नाही. पाहुण्याच्या फोनमध्ये काय बसलेलं आहे ते आपल्याला माहीत नसतं आणि घरच्या नेटवर्कवर कॅमेरे, प्रिंटर, ऑफिसचा लॅपटॉप असं बरंच काही असतं. घरी दोन दिवसांसाठी आलेल्या आतेभावाला टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ दाखवायचा असेल, तर त्याला मुख्य वायफायचा पासवर्ड द्या आणि तो गेल्यावर बदला, ते बरं.

घरच्या माणसाचाच फोन चुकून गेस्टवर गेलेला असतो, असंही खूप होतं. पूर्वी कधीतरी जोडलेलं नाव फोनने जपून ठेवलेलं असतं. ते नाव फोनमधून विसरायला लावा.

## आमचं कासच्या रस्त्याला होमस्टे आहे. खोलीत टीव्ही आहे, पाहुण्यांना आपल्या फोनवरून कास्ट करायचं असतं.

फुलांच्या हंगामात हा फोन हमखास येतो. इथे घरापेक्षा जास्त विचार करावा लागतो, कारण पाहुणे अनोळखी आणि खोल्या अनेक.

समजा तीन खोल्या आहेत. खोल्यांतले टीव्ही मालकाच्या वायफायवर आणि पाहुण्यांचे फोन गेस्टवर, म्हणून कास्ट होत नाही. सगळे टीव्ही गेस्टवर आणून पाहुण्यांना एकमेकांना बघू द्यायच्या चौकटीत टिक केली, तर कास्ट चालतं. पण मग दोन नंबरच्या खोलीतल्या फोनला तिन्ही टीव्ही दिसतात. रात्री कुणीतरी चुकून तीन नंबरच्या टीव्हीवर काहीतरी लावतो, आणि तिथे एखादं कुटुंब लहान मुलांना घेऊन झोपायच्या तयारीत असतं. पाहुण्यांसमोर मालकाची मान खाली जाते. हे मी एका ठिकाणी स्वतः बघितलं आहे.

माझ्या मते चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक खोलीला स्वतःचा छोटा राउटर, केबल `WAN` मध्ये, नाव वेगळं: `Kholi-1`, `Kholi-2`, `Kholi-3`. गोडोलीच्या घरात जी चूक होती, तीच इथे उपयोगी पडते. खोलीतला टीव्ही आणि त्या खोलीतले फोन एका चौकात, शेजारच्या खोलीत हाक जात नाही.

पण तो एकतर्फीपणा आठवा. आतल्या राउटरमधून बाहेरच्या नेटवर्ककडे पोचता येतं. मालकाचे कॅमेरे आणि बिलिंगचा संगणक फायबरच्या डब्यालाच जोडलेले असतील, तर कुठल्याही खोलीतला पाहुणा पत्ता टाकून त्यांच्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून मालकानेही आपल्यासाठी एक वेगळा राउटर लावायचा आणि आपली सगळी यंत्रं त्याच्या मागे घ्यायची. मग फायबरच्या डब्याला फक्त चार राउटर उरतात. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद ठेवायचं आणि डब्याचा आणि प्रत्येक राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलायचा, कारण कंपनीतून आलेला पासवर्ड बऱ्याचदा डब्याच्या मागेच छापलेला असतो.

एवढा खर्च करायचा नसेल तर टीव्हीच्या एचडीएमआय भोकाची बाजू हाताला लागेल अशी ठेवा आणि एक लांब केबल खोलीत द्या. लॅपटॉपवाल्यांचं काम होतं. आणि यूट्यूबसाठी पुढचा उपाय आहेच.

## यूट्यूबवर टीव्ही दिसतो, बाकी ॲपमध्ये दिसत नाही. मग नेटवर्क तर बरोबरच असणार ना?

नाही, आणि यात चांगले जाणकारही फसतात. यूट्यूबकडे हाकेशिवाय दुसरी वाट आहे. टीव्हीवरच्या यूट्यूब ॲपमध्ये `Settings` मध्ये `Link with TV code` असतं. त्यावर बारा आकडी कोड येतो. फोनच्या यूट्यूबमध्ये `Settings`, `General`, `Watch on TV`, `Enter TV code` असं जाऊन तो कोड टाकला की दोघं यूट्यूबच्या सर्व्हरमार्फत जोडले जातात. फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतं. एकदा जोडलेला टीव्ही पुढेही यादीत राहतो, त्यामुळे नेटवर्क वेगळं असलं तरी यूट्यूबमध्ये सगळं ठीक दिसतं.

म्हणून तपासताना यूट्यूबवर भरवसा ठेवू नका, दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये बघा. होमस्टेवाल्यांसाठी मात्र हीच वाट सोन्यासारखी आहे, कारण राउटरमध्ये काही न उघडता पाहुण्याचं काम होतं. फक्त पाहुणा गेल्यावर टीव्हीच्या यूट्यूबमधून जोडलेले फोन काढून टाकायला विसरू नका, नाहीतर तो घरी बसूनही पुढच्या पाहुण्याच्या टीव्हीवर व्हिडिओ लावू शकेल.

## स्क्रीन मिररिंग चालतं, कास्ट चालत नाही. हे कसं?

काही फोन आणि टीव्ही मिराकास्टने मिररिंग करतात. त्यात फोन टीव्हीशी थेट वायफाय डायरेक्टने बोलतो, मध्ये राउटर लागतच नाही. म्हणून नेटवर्क वेगळं असलं तरी ते चालतं. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही.

## २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ वेगळे आहेत म्हणून तर होत नसेल?

सहसा नाही. एकाच राउटरचे ते दोन पट्टे एकाच नेटवर्कमध्ये उघडतात. टीव्ही २.४ वर आणि फोन ५ वर असला तरी कास्ट व्हायला हवं. केबलने जोडलेल्या टीव्हीचंही तसंच. पत्ते जुळतात का ते बघा, पट्टे बदलत बसू नका.

## पत्ते जुळतायत, गेस्ट बंद आहे, तरी नाही.

फोनमध्ये व्हीपीएन चालू आहे का ते बघा. ऑफिसचं एखादं ॲप ते लावून ठेवतं आणि फोनची सगळी ये-जा बोगद्यातून होते. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला घरच्या नेटवर्कवर शोधायची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा "नको" दाबलं असेल, तर `Settings`, `Privacy & Security`, `Local Network` मध्ये त्या ॲपपुढचं बटण चालू करा.

## सगळं नीट चालत होतं, लाइट जाऊन आली आणि टीव्ही पुन्हा गायब झाला.

टीव्हीमध्ये दोन वायफायचे पासवर्ड जपून ठेवलेले असतात तेव्हा असं होतं. लाइट आल्यावर सगळी यंत्रं एकदम उठतात. फायबरच्या डब्याला लाइनशी जुळून पूर्ण चालू व्हायला वेळ लागतो, साधा राउटर आधी तयार होतो, आणि टीव्ही जे पहिलं ओळखीचं दिसेल त्याला जाऊन बसतो. मग फोन एकीकडे, टीव्ही दुसरीकडे. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन नको असलेल्या नावावर `Forget network` करा. टीव्ही जागचा हलत नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे मी त्याला केबलच लावून देतो. मग तो दुसरीकडे जायचा प्रश्नच उरत नाही.